सोडतीची सहा पाने

सणासुदीच्या तोंडावर अनेक पेढ्या इन्स्टाग्रामवर भेटवस्तूची सोडत जाहीर करतात. बोटाने एकामागून एक सरकवत पाहावयाच्या चित्रमालिकेला कॅरोसेल म्हणतात. जाहिरात बहुधा त्याच रूपात येते. पहिल्या पानावर वस्तूचे देखणे छायाचित्र आणि अखेरीस ‘नियम व अटी लागू’ एवढी ओळ. निकालानंतर नाराजी उरते, ती वस्तू न मिळाल्याची फारशी नसते. निवड कशी झाली हे न कळल्याची असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोल्हापुरातील एका वस्त्रदालनाने एक पैठणी भेट द्यावयाचे ठरवले आहे.

पहिल्या पानावर तीन गोष्टी हव्यात : भेट, विजेत्यांची संख्या आणि अंतिम मुदत. पुष्कळ लोक पुढचे पान सरकवतच नाहीत. साडी येवल्याच्या हातमागावरची आहे की यंत्रमागावरची ‘सेमी’, हे तेथेच लिहावे. दोहोंच्या किमतींत मोठे अंतर असते. छायाचित्रही जी साडी द्यावयाची आहे तिचेच असावे.

दुसरे पान पात्रतेचे. ‘वय १८ पूर्ण, भारतातील पत्ता, दालनातील कर्मचारी व मालकांचे कुटुंबीय अपात्र, खरेदीची अट नाही.’ यातील शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे. विक्री वाढवण्यासाठी काढलेल्या नशिबाच्या सोडती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत येऊ शकतात. म्हणून मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी वकिलाच्या नजरेखालून घालावा.

तिसऱ्या पानावर भाग घेण्याची कृती. येथे एकच कसोटी लावावी : जी अट दालनाला तपासता येत नाही, ती घालू नये. ‘ही पोस्ट आपल्या स्टोरीत लावा’ ही अट सर्रास दिसते. पण स्टोरी २४ तासांत नाहीशी होते आणि खासगी खात्यावरची स्टोरी अनुयायी नसलेल्या दालनाला दिसतही नाही. मग ज्याने अट पाळली तोही गळतो. त्यापेक्षा ‘दालनाचे खाते फॉलो करा आणि पोस्टखाली एक कमेंट लिहा’ एवढे पुरे. एका व्यक्तीच्या अनेक कमेंट एकच धरल्या जातील, हेही येथेच सांगावे.

चौथे पान मुदतीचे. ‘१० ऑक्टोबर, रात्री १२ पर्यंत’ असे लिहिले, तर दहा तारीख सुरू होतानाची रात्र की संपतानाची, असा वाद उद्भवतो. ‘१० ऑक्टोबर, रात्री ११.५९, भारतीय वेळ’ असे लिहिल्यास तो मिटतो. प्रतिसाद कमी आला म्हणून मुदत वाढवू नये; वेळेत आलेल्यांची संधी त्याने घटते.

पाचवे पान निवडीचे, आणि हेच सर्वांत मोलाचे. निवड चिठ्ठीने होणार की परीक्षणाने, हे स्पष्ट सांगावे. ‘उत्तम उत्तराला भेट’ म्हणून नंतर चिठ्ठी काढणे ही फसवणूकच. समजा, २१२ कमेंट आल्या. पुनरावृत्तीच्या ३७, मुदतीनंतरच्या ६ आणि फॉलो न केलेल्यांच्या ९ वगळल्या, की १६० उरतात. त्यांची यादी करून १ ते १६० क्रमांक द्यावेत. तेवढ्याच सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या भांड्यात टाकाव्यात आणि दालनाबाहेरच्या व्यक्तीकडून एक उचलून घ्यावी. त्याच वेळी दुसरी चिठ्ठी राखीव विजेत्याची काढावी. यादीपासून चिठ्ठी उघडेपर्यंतचे चित्रण अखंड ठेवावे. २१२ चे १६० कसे झाले, हा हिशेबही निकालासोबत द्यावा. नाव का गळले, हे ज्याला त्याला त्यावरून कळते.

सहाव्या पानावर निकालाची तारीख आणि ठिकाण. जेथे सोडत जाहीर झाली, तेथेच निकाल लावावा. योजनेचा अंतिम निकाल सहभागींपासून दडवणे हीदेखील कायद्याने अनुचित प्रथाच आहे. विजेत्याने ४८ तासांत उत्तर न दिल्यास भेट राखीव विजेत्याला जाईल, हे आधीच लिहावे. ‘सोडतीशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही’ हे वाक्य त्या कंपनीच्या नियमांनुसार आवश्यक आहे. त्याखाली आणखी एक ओळ असावी : ‘दालन कोणाकडूनही पाठवणी खर्च वा ओटीपी मागणार नाही.’ दालनाच्या नावाने बनावट खाते उघडून ‘तुम्ही जिंकलात, पैसे भरा’ असे निरोप धाडणारे भामटे अशाच वेळी सरसावतात.

कॅरोसेल प्रसिद्ध झाल्यावर चित्रांवरील अक्षरे बदलता येत नाहीत. खालचा मजकूर मात्र बदलता येतो. त्यामुळे दोहोंत तफावत राहिली, तर नियम मागाहून फिरवल्याचा संशय येतो. प्रसिद्धीपूर्वी सोडतीशी संबंध नसलेल्या एखाद्याला सहाही पाने वाचायला द्यावीत आणि तीनच प्रश्न विचारावेत : भाग कसा घ्यायचा, केव्हापर्यंत, विजेता कसा ठरणार? तिन्ही उत्तरे न अडखळता आली, तरच पोस्ट टाकावी.