दोन चमचे दालचिनी जास्तच!



'रोज दोन चमचे दालचिनी घ्या, साखर उतरेल' हे गेल्या आठवड्यातले पत्र अर्धेच खरे आहे. दालचिनीतले सिनामाल्डिहाइड इन्सुलिनचा पेशीतला संदेश बळकट करते आणि ग्लुकोज आत नेणारे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर आणते, असे मानतात. पण याचा पुरावा बहुतेक उंदरांवरचा.

आमच्या खामगावात किराण्यात मिळते ती बहुधा कॅसिया, जाड आणि कडक साल. तिच्या ग्रॅममागे साधारण ३ मिलिग्रॅम कौमारिन. युरोपातली मर्यादा वजनाच्या किलोमागे रोज ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६. दोन चमच्यांत, सुमारे ५ ग्रॅममध्ये, १५ होतात! रोजच घेतली तर त्याने काहींचे यकृत दुखावते. पातळ, अनेक पदरांच्या सिलोनी दालचिनीत कौमारिन नगण्य असते.

– एक वाचक, खामगाव (जि. बुलढाणा)