डबा खरा, भुकटी कोणाची?

गेल्या महिन्यात आमच्या घरी एका डब्यावरून बराच ऊहापोह झाला. परळच्या व्यायामशाळेत जाणाऱ्या आमच्या पुतण्याने दादर स्टेशनाजवळच्या एका दुकानातून परदेशी बनावटीच्या प्रोटीन पावडरीचा दोन किलोंचा डबा आणला. छापील किमतीहून तो जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने स्वस्त मिळाला, याचा त्यास मोठा आनंद. शस्त्रक्रियेनंतर अशक्तपणा आलेल्या आमच्या तीर्थरूपांसही डॉक्टरांनी अशीच पावडर सांगितली होती, तेव्हा एकाच डब्यात दोघांची सोय होणार असे ठरले. तीर्थरूपांस मधुमेह आहे. बनावट डब्यात पुष्कळदा पिष्टापासून केलेली स्वस्त भुकटी भरलेली असते आणि ती पोटात गेली म्हणजे साखरेसारखीच वागते. म्हणून आमच्या वहिनींनी विचारले, “अरे, पण हा माल खरा कशावरून?”

“काकू, डब्याच्या बुडाचा बॅच नंबर मी कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहिला. बरोबर आहे,” तो म्हणाला.

हे उत्तर पुष्कळांस पुरेसे वाटते. तसे ते नाही, हेच आज सांगावयाचे आहे. कारखान्यात एका खेपेस जितका माल तयार होतो तितक्या सर्व डब्यांवर एकच बॅच नंबर पडतो. खरा डबा एक विकत घ्यावा आणि त्यावरील नंबर व मुदतीची तारीख हजार खोट्या डब्यांवर छापावी, की त्या हजारांविषयीही संकेतस्थळ “होय” म्हणेल. अशी खेप निघाली होती, एवढेच त्या उत्तराने कळते. आपल्या हातातला डबा त्या खेपेतला आहे, हे कळत नाही. नंबर जुळला नाही किंवा डब्यावरील तारीख संकेतस्थळावरील तारखेहून निराळी निघाली, तर मात्र माल खुशाल परत करावा.

काही कंपन्या नाण्याने खरवडावयाच्या चंदेरी पट्टीखाली दुसरा एक क्रमांक देतात. तो प्रत्येक डब्याचा स्वतंत्र असतो, म्हणून त्याचे मोल अधिक. तो घालून पाहिल्यावर “ही तपासणी प्रथमच होत आहे” असे उत्तर यावयास हवे. आपण पट्टी नुकतीच खरवडली असताना हा क्रमांक पूर्वीच तपासला गेल्याचे कळले, तर क्रमांक खरा असूनही डबा संशयास्पद समजावा. डब्यावरील चौकोनी क्यूआर छाप मोबाईलने टिपून उघडणाऱ्या पानावर मात्र विसंबू नये. छाप ज्याने छापला तो आपल्याला हवे ते पान दाखवू शकतो. कंपनीचा पत्ता स्वतः टंकून तपासणी करावी.

आमच्या डब्यावर अशी पट्टी नव्हती, म्हणून आम्ही झाकण उघडले. आतील चकचकीत पापुद्रा कारखान्यात उष्णतेने डब्याच्या काठास चिकटविलेला असतो. तो सर्व बाजूंनी सारखा बसतो, ओढताना जोर लागतो आणि काठावर एकसारखे वर्तुळ मागे राहते. आमचा पापुद्रा एका बाजूस नखानेच उचलला गेला. दुसऱ्या बाजूस पिवळट गोंदाचे ठिपके दिसले. बाहेरचे प्लास्टिकचे आवरण शाबूत होते. पण ते गरम हवेने कोणासही पुन्हा चढविता येते, तेव्हा त्याची साक्ष धरू नये.

येथे उलगडा झाला. व्यायामशाळांतून आणि भंगारवाल्यांकडून रिकामे डबे गोळा करून त्यांत भलतीच भुकटी भरण्याचा एक धंदा आहे. अशा डब्याचे लेबल खरे, नंबर खरा, चमकणारी मोहोरही खरी. खोटे असते ते केवळ आतले.

मग आम्ही आयातदाराची चिठ्ठी वाचली. परदेशी मालावर आयातदाराचे नाव, पत्ता, कमाल किंमत आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असावा लागतो. आयातदारास केंद्रीय परवाना लागतो व त्याचा क्रमांक १०० ने सुरू होतो. आमच्या चिठ्ठीवरील क्रमांक २१५ ने सुरू होत होता. आरंभीचा २ हा लहान व्यावसायिकाच्या साध्या नोंदणीचा अंक आहे, आणि १५ हा महाराष्ट्राचा. अशा नोंदणीवर परदेशातून माल आणता येत नाही. असा कोणताही क्रमांक foscos.fssai.gov.in येथे घालून नाव जुळते की नाही, हे घरबसल्या पाहता येते.

राहिला विक्रेता. पुतण्याजवळ पक्के बिल नव्हते. स्वस्ताईचे एक कारण तेही होते. विश्वासू दुकानदार म्हणजे ओळखीचा किंवा गोड बोलणारा नव्हे. ज्याचे नाव कंपनीच्या किंवा आयातदाराच्या अधिकृत यादीत आहे आणि जो बिलावर बॅच नंबर लिहून देतो, तो. मोबाईलवरून माल मागवितानाही पानावर कंपनीचे नाव असले तरी खाली विक्रेता म्हणून कोणाचे नाव आहे, ते आधी वाचावे. माल कोणत्या हातांतून आला हे न पाहिल्याचे मोल मुंबईने १९८६ साली मोजले आहे. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरिनमध्ये विषारी डायएथिलीन ग्लायकॉल निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली.

या साऱ्या परीक्षांस एक मर्यादा आहे. त्या डब्याची साक्ष देतात. भुकटीत प्रोटीन किती, हे सांगत नाहीत. दुधात पाणी घालून वर साखर घातली की लॅक्टोमीटर फसतो, हे आपल्या घरांतून ठाऊक आहे. प्रोटीन मोजण्याची नेहमीची रीत नत्र मोजण्याची आहे, आणि ग्लायसिनसारखे स्वस्त नत्रयुक्त द्रव्य मिसळले की तीही तशीच फसते. ज्यास खात्रीच हवी, त्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाने शुल्क भरून विश्लेषकाकडून तपासणी करून घेण्याचा हक्क आहे. मात्र तसा आपला हेतू खरेदीच्या वेळीच दुकानदारास सांगावा लागतो. डब्यात काळेबेरे आढळल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा १९१५ या ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करता येते.

आमचे पैसे बिलाअभावी बुडाले. डबा आम्ही तक्रारीसाठी बंद करून ठेवला आहे. तीर्थरूपांसाठी दुसरा, पुरा किमतीचा डबा बिलासह आणला. तो रिकामा होईल तेव्हा लेबल फाडून आणि बुडास भोक पाडूनच भंगारवाल्याच्या हाती द्यावयाचा, असे वहिनींनी आजच बजावून ठेवले आहे.