पेपर वाचायसाठी असतो, वडे निथळायसाठी नाही

परवा संध्याकाळी एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर वडापाव घेतला. भूक लागली होती, गाडी सुटायला दहा मिनिटं होती. अर्धा खाल्ल्यावर लक्ष गेलं, पावाच्या खालच्या बाजूला काळसर उलटी अक्षरं उमटली होती. कागद सरळ करून बघितला तर आमच्याच पेपरचं तालुक्याचं पान. नळपाणी योजनेची माझीच बातमी. पाणी गढूळ येतंय म्हणून मी ओरडत होतो आणि माझी शाई मीच खात होतो.

गाडीवाल्याला म्हटलं, "मामा, पेपरात नका देत जाऊ." तो हसला. "साहेब, पेपर तुमचा, शाई तुमची, अन् दोष माझा?"

गाडीत बसल्यावर तेच डोक्यात फिरत राहिलं. त्याचं अर्धं बरोबर आहे. म्हणून ही पोस्ट.

पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा आम्हाला रात्रीच्या पाळीला छापखान्यात नेलं होतं. मी ताजा अंक हातात घेतला, बोटं काळी झाली. मशिनमन म्हणाला, "ही शाई सुकत नाही पोरा, कागद ती पितो." तेव्हा गंमत वाटली होती, आता तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

रोजचा पेपर ज्या ऑफसेट मशिनवर छापतात तिथे कागद भट्टीतून जात नाही. शाई म्हणजे काजळीसारखा काळा रंग, थोडं राळेसारखं चिकट द्रव्य आणि भरपूर तेल. हे तेल बहुतेक वेळा खनिज तेल असतं, म्हणजे पेट्रोलियमच्या घराण्यातलं. ते उडून जात नाही, कडकही होत नाही, नुसतं कागदाच्या तंतूंत मुरतं. म्हणून आठवड्यापूर्वीचा पेपरही बोटाला लागतो.

आता त्या कागदावर कढईतून काढलेली भजी ठेवा. तेलात तेल विरघळतं, हे शाळेतलं पोरगंही सांगेल, आणि गरम असेल तर आणखी लवकर. आपल्याला वाटतं कागद भज्यातलं तेल ओढून घेतोय. घेतोच. पण त्याच वेळी कागदातलं तेल भज्यात जातंय. हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालू असतो.

खोटं वाटत असेल तर आज घरी करून बघा. पांढऱ्या कापसाचा एक बोळा कोरडाच पेपरवरून हलका फिरवा. दुसरा बोळा कोमट गोडेतेलात बुडवून तसाच फिरवा. दोन्ही शेजारी ठेवा. दुसरा जास्त काळा होईल. आणि लक्षात ठेवा, तो काळेपणा फक्त रंगाचा आहे. खनिज तेल दिसतच नाही. ज्या वड्यावर डाग नाही त्याच्यात काही गेलं नाही, असं समजू नका.

"मी कोऱ्या कडेवर ठेवतो" म्हणणारेही आहेत. पेपर दोन्ही बाजूंनी छापलेला असतो आणि पानांवर पानं दाबून गठ्ठ्यात पडून असतो. कडेचा भाग कोरा दिसला तरी तेल तिथपर्यंत पोहोचलेलं असतं. शिवाय पेपरच्या कागदात बऱ्याचदा जुन्या रद्दीचाच लगदा असतो, म्हणजे आधीच्या छपाईचं थोडंफार त्यात राहिलेलं असतं. "आता सोयाची शाई आली" हेही ऐकतो. तेल सोयाचं असलं म्हणून ती शाई खाण्याजोगी होत नाही, आणि कागद तोच राहतो.

मग खाल्लं तर काय होतं? इथे मला भीती विकायची नाही. एका वडापावाने कुणी आजारी पडत नाही. "आम्ही लहानपणापासून खातोय, काय झालं?" हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे. खनिज तेलातला काही भाग शरीरातून नीट बाहेर पडत नाही, चरबीत आणि यकृतात साठत जातो. दुसरा एक भाग असा आहे की त्यातल्या काही घटकांमुळे कॅन्सर होऊ शकतो अशी शास्त्रज्ञांना शंका आहे. असली गोष्ट कोणत्या वड्यामुळे झाली हे कधीच दाखवता येत नाही. जो रोज खातो त्याचा हिशोब वाढत जातो. आमच्या स्टँडवर रोज खाणारे कोण? शाळेची पोरं, हमाल, ड्रायव्हर-कंडक्टर.

कायदा नाही असंही नाही. एफएसएसएआयने २०१६ मध्ये सूचना काढली. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत अन्न ठेवायला किंवा गुंडाळायला वर्तमानपत्र वापरायला सरळ मनाई आहे. २०२३ मध्ये पुन्हा सूचना निघाली, त्यात शिशासारख्या जड धातूंचाही उल्लेख होता. या बातम्या आम्ही छापल्या. दुसऱ्या दिवशी त्याच पानात भजी बांधली गेली.

आता मामांच्या बाजूने हिशोब करू. पेपरचं एक अख्खं पान साधारण ९ ग्रॅमचं. त्याचे चार तुकडे केले तर किलोभर रद्दीत साडेचारशेच्या आसपास तुकडे निघतात. आमच्याकडे रद्दी गाडीवाल्याला २० रुपये किलोने पडते, म्हणजे तुकडा साडेचार पैशांना. खाद्यपदार्थांसाठीचा, तेल न झिरपणारा कोरा कागद मी जिल्ह्याच्या बाजारात विचारला. ५०० चा गठ्ठा १०० रुपयांना, म्हणजे वीस पैशाला एक. फरक वड्यामागे पंधरा-सोळा पैशांचा. मामा दिवसाला तीनशे वडे विकतात, म्हणजे रोजचे ४५-४८ रुपये. पंधरा रुपयांच्या वड्यात हे बसतं. पण एकट्या मामांनी का सोसायचं, शेजारचा गाडीवाला रद्दीवरच चालवत असताना? सगळ्यांनी एकदम बदललं तरच कुणाचं नुकसान होणार नाही.

आणि निथळायला तर कागद लागतच नाही. सगळ्यात वाईट वापर तोच आहे, कारण वडा तेव्हाच सर्वात गरम आणि तेलकट असतो. परातीवर स्टीलची जाळी किंवा मोठी चाळणी ठेवा. तेल खाली गळतं, वाफ वर जाते, भजी कुरकुरीत राहतात. कागदावर खालची बाजू वाफेने मऊ पडते, हे घरच्या बायकांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी दिवाळीत चकल्या निथळतात पेपरवरच! आपल्या स्वयंपाकघरात तर कुठला फेरीवाला येत नाही.

म्हणून दोष वाटून घेऊ. अन्न व औषध प्रशासनाने आणि नगरपरिषदेने नुसता दंड करण्याआधी सगळ्या गाड्यांना एकच तारीख द्यावी, आणि कोऱ्या कागदाचे गठ्ठे एकत्र घाऊक भावात आणायला मदत करावी. गिऱ्हाइकाने "प्लेटमध्ये द्या" एवढं म्हणावं. आणि आम्ही पेपरवाल्यांनी पानाच्या तळाला रोज एक ओळ छापावी: हा कागद खाद्यपदार्थांसाठी नाही. ही मागणी मी संपादकांना लेखी दिली आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो, नाही आलं तरी टाकतो.

काल मामांकडे परत गेलो. घरचा स्टीलचा डबा पुढे केला. मामा म्हणाले, "साहेब, आता बातमी वाचायची कशी?"

म्हटलं, विकत घेऊन.