सेशन संपले, पण पैसे गेले की नाही?

उत्रोलीसारख्या गावात आता हॉस्टेलची फी असो की दुकानदाराची उधारी, पैसे मोबाइलवरूनच जातात. भोरच्या शाखेत जाऊन स्लिप भरण्याची वेळ फार क्वचित येते. आणि नेमके पासवर्ड, रक्कम, ओटीपी सगळे टाकून झाल्यावर गोल चक्र फिरत राहते आणि पडद्यावर येते : Session timed out. मग घरात एकच प्रश्न. पैसे गेले का? पुन्हा पाठवू का? शेजारपाजारच्या भाभी, शाळेत येणारे पालक आम्हाला हे नेहमी विचारतात, म्हणून या महिन्यात त्याविषयीच लिहीत आहोत.

आधी सेशन म्हणजे काय ते पाहू. तुम्ही अॅप उघडून आत शिरलात की तुमचा फोन आणि बँकेचा संगणक यांच्यात थोड्या वेळापुरती ओळख जमते. काही मिनिटे हालचाल झाली नाही किंवा रेंज तुटली की बँक सुरक्षिततेसाठी ती ओळख संपवते. पण पैसे पाठवण्याचे काम तुमचा फोन करत नाही. फोन फक्त हुकूम देतो. पुढचे सगळे तुमची बँक, मधली यंत्रणा आणि घेणाऱ्याची बँक यांच्यात होते. काउंटरवर चिठ्ठी दिल्यावर आपण बाहेर आलो आणि दार बंद झाले, तरी चिठ्ठी आतच असते, तसे हे आहे. म्हणून तो संदेश दाराविषयी सांगतो, चिठ्ठीविषयी नाही.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की आपण कोठे थांबलो होतो? नाव, रक्कम भरली पण पिन किंवा ओटीपी टाकून शेवटचे बटण दाबले नव्हते, तर हुकूम दिलाच नाही आणि पैसे खात्यातच आहेत. बटण दाबल्यानंतर सेशन तुटले असेल, तर हुकूम पोहोचला असण्याची शक्यता धरूनच चालावे. या दुसऱ्या स्थितीत घाईने पुन्हा पाठवले, तर एकाऐवजी दोनदा पैसे जाऊ शकतात.

खरे काय झाले ते खात्याच्या नोंदीतून कळते. एसएमएस उशिरा येतो, कधी येतच नाही, त्यामुळे एसएमएस नाही म्हणून पैसे गेले नाहीत असे समजू नये. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा आत जाऊन शिल्लक आणि मिनी स्टेटमेंट दोन्ही पाहावे. नोंद नसेल तर आणखी थोडे थांबून एकदा पाहावे आणि मगच नव्याने पाठवावे. नोंद असेल तर तिच्यासमोरचा संदर्भ क्रमांक लिहून घ्यावा. आयएमपीएस आणि यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो. एनईएफटीने पाठवले असेल तर मात्र घाबरण्याआधी तिची रीत आठवावी. ती रक्कम अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत जाते, त्यामुळे खात्यातून वजा होऊन समोर दिसायला वेळ लागणे साहजिक आहे.

एक उदाहरण धरू. मुलगी पुण्याला शिकते. अब्बांनी सोमवारी रात्री तिच्या खात्यावर आयएमपीएसने १२,५०० रुपये पाठवायला घेतले. खात्यात ३१,४०० होते. ओटीपी टाकला आणि सेशन संपले. वीस मिनिटांनी शिल्लक दिसली १८,९००, स्टेटमेंटमध्ये वजा नोंद आणि बारा आकडी क्रमांक. मुलगी म्हणते, आले नाहीत. खात्यात अजून रक्कम आहे, तेव्हा दुसऱ्यांदा पाठवायचे ठरवले तर तेही जाईल. पण अब्बांनी थांबायला हवे, कारण अशा वेळी दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, घेणाऱ्या बँकेने रक्कम जमा केली आहे, पण तिचे उत्तर वेळेत परत आले नाही, किंवा ती उशिरा जमा करणार आहे. दोन, जमा होऊ शकली नाही, म्हणून ती परत येईल.

यासाठी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९चा नियम आहे. खाते वजा झाले आणि समोर जमा झाले नाही, तर आयएमपीएस आणि यूपीआयने व्यक्तीला पाठवलेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही न मागता. आपल्या उदाहरणात मुदत मंगळवारपर्यंत. पैसे शुक्रवारी परत आले तर बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस, म्हणजे ३०० रुपये. दुकानदाराला यूपीआयने दिले असतील आणि त्याला पोच मिळाली नसेल, तर मुदत पाच दिवसांची आहे.

सारखे सारखे तपासत राहण्यातही तोटा आहे. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय कित्येक तास अडखळले. मुंबईतील नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही यंत्रणा चालवते. तिच्या तपासणीत असे दिसले, की काही बँकांकडून 'हा व्यवहार झाला का?' अशा विचारणांचा पूर आला आणि त्या भाराने यंत्रणा दबली. त्यानंतर अशा विचारणांवर मर्यादा आल्या. आपण एकटे असे काही बंद पाडणार नाही हे खरे, पण दर मिनिटाला विचारल्याने उत्तरही लवकर येत नाही.

मुदत संपूनही पैसे आले नाहीत, तर बँकेकडे लेखी किंवा अॅपमधून तक्रार करावी. तारीख, वेळ, रक्कम, संदर्भ क्रमांक आणि पडद्याचा फोटो जोडावा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे विनाशुल्क तक्रार करता येते. बँकेचा नंबर मात्र पासबुक किंवा कार्डाच्या मागून घ्यावा, गुगलवर शोधून नको. अडकलेले पैसे परत देतो म्हणून कोणी ओटीपी, पिन किंवा एखादे अॅप उतरवायला सांगितले, तर तो चोर समजावा. पैसे परत येण्यासाठी पिन लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करावा.

शेवटी या नियमाची हद्दही माहीत असावी. तो अडकलेल्या पैशासाठी आहे. आपणच दोनदा पाठवले आणि दोन्ही जमा झाले, तर बँकेच्या दृष्टीने दोन्ही हुकूम खरे आहेत. ती घेणाऱ्याच्या संमतीशिवाय रक्कम परत काढत नाही. आपलीच मुलगी असेल तर प्रश्न नाही, पण दुकानदार, घरमालक किंवा अनोळखी माणूस असेल तर सारे त्याच्या इमानावर. आणि आपल्या खात्यात असे कोणाचे दुप्पट पैसे आले, तर ती अमानत आहे. ज्याचे त्याला परत करावे आणि परत पाठवण्याआधी आपले स्टेटमेंट पाहावे, की ते खरोखर दोनदा आले आहेत.