निकालासमोर 'राखीव' दिसतंय? आधी शोधा, तो नेमका कुणी अडवलाय

निकालाची लिंक सुरू झाली, वर्गातल्या सगळ्यांचे गुण दिसले आणि तुमच्या नावासमोर मात्र फक्त RR किंवा RLE आलं. किंवा गुण दिसतात, पण कॉलेज म्हणतं, "आधी बाकी भरा, मग मार्कशीट." दोन्ही वेळा आपण 'निकाल अडकला' असंच म्हणतो. पण अडवणारे वेगळे असतात, त्यामुळे दारही वेगळं ठोठवावं लागतं.

स्क्रीनवरची अक्षरं काय सांगतात?

मुंबई विद्यापीठाच्या निकालपत्रात RR म्हणजे निकाल राखीव. RLE म्हणजे आधीच्या सत्राची किंवा वर्षाची परीक्षा सुटायची बाकी असल्यामुळे राखीव. यातला कोणताही शेरा म्हणजे नापास नव्हे. RLE असेल तर फीचा संबंध नसतो. आधीच्या सत्रात पास असूनही तो दिसत असेल, तर जुनी नोंद पोहोचलेली नाही असं समजा. त्या सत्राची गुणपत्रिका जोडून कॉलेजमार्फत परीक्षा विभागाकडे अर्ज करा. इतर विद्यापीठांची अक्षरं वेगळी असतात. त्यांचा अर्थ निकालपत्राच्या खाली दिलेला असतो.

ऑनलाइन गुण पूर्ण दिसत असतील आणि फक्त कागद मिळत नसेल, तर अडवणूक कॉलेजच्या पातळीवर आहे.

फी बाकी असेल तर

एक उदाहरण घेऊ. एका विद्यार्थिनीची वर्षाची फी ४२ हजार. २१ हजार भरले आहेत, उरलेले शिष्यवृत्तीतून यायचे आहेत. महाडीबीटीवर अर्ज मंजूर दिसतो, पैसे आलेले नाहीत. कॉलेजने १८ जूनला मार्कशीट द्यायला नकार दिला आणि पुढच्या प्रवेशाची शेवटची तारीख १० जुलै आहे.

तिने पहिल्याच दिवशी प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यावा. त्यात भरलेल्या पावत्या, महाडीबीटीवरील मंजुरीची प्रत आणि प्रवेशाची तारीख असावी. बाकीचा हिशेब आणि नकाराचं कारण लेखी मागावं आणि शिष्यवृत्ती खात्यात येताच रक्कम भरण्याची हमी द्यावी. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यायला विसरू नये, कारण तोंडी विनंतीचा पुढे काहीच पुरावा राहत नाही.

दाद मिळाली नाही, तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार शिष्यवृत्तीला होणारा विलंब, ठरल्यापेक्षा जास्त पैशांची मागणी आणि वेळापत्रकापलीकडे रखडलेला निकाल हे तक्रारीचे विषय आहेत. समितीने १५ कामकाजी दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. तिथे ३० दिवसांची मुदत आहे.

आता तारखा जुळवून पाहा. १५ कामकाजी दिवस म्हणजे साधारण तीन आठवडे. १८ जूनला तक्रार दिली तरी निर्णय ९ जुलैच्या आसपास येईल. आठवडाभर 'बघू' म्हणत काढला, तर प्रवेश हातचा जातो. म्हणून तक्रारीसोबतच दुसरं काम सुरू ठेवा. विद्यापीठाने गुणपत्रिका डिजिलॉकरवर टाकली आहे का ते तपासा. तिथून उतरवलेली प्रत कायद्याने मूळ कागदासारखीच ग्राह्य असते. ती नसेल तर नव्या कॉलेजकडे ऑनलाइन निकाल दाखवून तात्पुरता प्रवेश मागा.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. खरी थकबाकी समिती किंवा लोकपाल माफ करत नाहीत. वाद हिशेबाचा, विलंबाचा किंवा अडवणुकीचा असेल तरच या मार्गाचा उपयोग होतो.

कॉपीचं प्रकरण सुरू असेल तर

इथे कॉलेजच्या खिडकीवर भांडून काही होत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार अशा प्रकरणांची चौकशी परीक्षा मंडळाने नेमलेली समिती करते आणि तिचा निर्णय लागेपर्यंत निकाल राखीव राहतो.

यात सगळ्यात जास्त नुकसान नोटिशीकडे दुर्लक्ष केल्याने होतं. विद्यार्थी सुनावणीला गेला नाही, तर त्याचं म्हणणं न ऐकताच निर्णय होऊ शकतो. पर्यवेक्षकाचा अहवाल आणि जप्त केलेल्या कागदाची प्रत मागा. लेखी उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या. परीक्षेच्या वेळी घाबरून सही केलेला जबाब खरा नसेल, तर तसं याच उत्तरात लिहा. नोटीसच आली नसेल, तर परीक्षा विभागाला आसन क्रमांक देऊन प्रकरणाची स्थिती लेखी विचारा.

निर्णयानंतर आदेशाची प्रत हातात घ्या. प्रकरण मिटूनही निकाल राखीवच दिसत असेल, तर बहुधा आदेश निकाल कक्षापर्यंत पोहोचलेला नसतो. ती प्रत जोडून दिलेला एक पानी अर्ज अशा वेळी पुरेसा ठरू शकतो.