निजेपूर्वीचे पालुपद

खामगावच्या पेठेत रात्री दुकानाचे शटर खडखडत खाली येते आणि वरच्या मजल्यावर अंथरुणात पडलेले पाच वर्षांचे मूल दचकते. अशा वेळी ‘भिऊ नकोस’ म्हटले की भीतीचेच नाव पुन्हा कानी पडते. त्यापेक्षा पालुपद रचताना तो आवाजच हाती घ्यावा: ‘शटर लागले, दिवा मालवला, आजी जवळ आहे.’ तिन्ही गोष्टी खऱ्या, म्हणूनच मूल त्यांवर विसंबते. आजी नंतर उठून जाणार असेल, तर ‘आजी शेजारच्या खोलीत आहे’ असेच म्हणावे. मध्यरात्री जागे झालेले मूल हिशेब तपासते.

ओळ एका सावकाश उच्छ्वासात मावावी. टाळीचा ठेका धरणारे यमक नको. त्याने मूल उठून बसते. दर फेरीत स्वर थोडा उतरवावा आणि मधला विराम वाढवावा. मूल प्रश्न विचारू लागले तर शब्द जास्त झाले असे समजून एक तुकडा गाळावा: ‘दिवा मालवला, आजी जवळ आहे.’ श्वास लांबला की शब्द सोडून पाळण्यातल्यासारखे केवळ ‘जो जो’ राहू द्यावे. दुसऱ्या रात्री मात्र ओळ तीच, एकही शब्द न बदलता.