मिठाचा हिशेब आणि आमचं कँटीन

खंडाळा म्हटलं की लोकांना लोणावळ्याशेजारचं आठवतं. आमचं खंडाळा सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या अलीकडचं. तालुक्यातल्या शिरवळ, केसुर्डी भागात कारखाने उभे राहिले आणि शेतावर भाकरी नेणारी माणसं कँटीनच्या ताटाला लागली. मीही त्यातलाच. चार वर्षांपूर्वी मला शुगर निघाली आणि पाठोपाठ बीपी.

घरी अम्मीने स्वयंपाक बदलला. पण दिवसातलं मुख्य जेवण कँटीनमध्ये. भाताचा डोंगर, पातळ आमटी, बटाट्याची भाजी, लोणचं, पापड. कंत्राटदाराला विचारलं तर म्हणाला, "शेखभाई, प्रत्येकाचं वेगळं कुठं करत बसू?" मी म्हटलं, "एकादशीला साबुदाण्याची खिचडी वेगळी करताच की!" तो हसला, पण काही हललं नाही.

मग आम्ही तीन-चार जण साताऱ्यातल्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी पथ्याचा छापील कागद दिला नाही. आधी विचारलं, "महिन्याला मीठ किती येतं?" स्टोअरच्या वहीत पाहिलं तर 47 किलो. जेवणारे 300, कामाचे दिवस 26, म्हणजे 7,800 ताटं. भागाकार केला तर ताटामागे सुमारे 6 ग्रॅम. लोणच्या-पापडातलं आणि उसळ लवकर शिजावी म्हणून टाकलेल्या सोड्यातलं सोडियम वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. एक जेवण झालं आणि दिवसाचा कोटा संपला! या एका आकड्याने मॅनेजमेंटशी बोलणं सोपं झालं. "जेवण खारट आहे" ही तक्रार वाटते, वहीतला आकडा तक्रार वाटत नाही.

कारखाने कायदा, 1948 च्या कलम 46 मध्ये कँटीनच्या व्यवस्थापन समितीची आणि तिच्यात कामगारांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद होती. आमच्याकडे समिती कागदावर होतीच. तिच्या बैठकीत बाईंचं पत्र ठेवलं. मागणी मुद्दाम लहान ठेवली होती. आमटी आणि उसळीतून मीठ घालण्याआधी एक पातेलं बाजूला काढायचं, त्यात अर्धंच मीठ, चवीला लसूण, लिंबू, भाजलेलं जिरं. भाताऐवजी ज्वारीची एक भाकरी, आमटी घट्ट, काकडी-कांद्याची कोशिंबीर आधी वाढायची. चहा बिनसाखरेचा आणि साखर वेगळी.

एक भाकरी का, यावर बराच वाद झाला. आपल्याकडे समज असा की ज्वारी म्हणजे शुगरवर औषध, कितीही खा. बाईंनी पीठ मोजायला लावलं. कँटीनची एक भाकरी साधारण 70 ग्रॅम पिठाची, घरची चपाती 30-35 ची. म्हणजे एक भाकरी दोन चपात्यांबरोबर. तीन भाकऱ्या खाऊन भात सोडला म्हणणारा स्वतःलाच फसवतो. खात्री करायची तर पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघायचं. बहुतेकांसाठी आकडा 180 च्या आत हवा, पण स्वतःची मर्यादा डॉक्टरांकडून घ्यावी.

पहिल्याच आठवड्यात एक चूक होता होता राहिली. कंत्राटदाराने उत्साहाने 'लो सोडियम' मिठाची पाकिटं आणली. बाईंनी फोनवरच थांबवलं. त्या मिठात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असलेल्याला, किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असलेल्याला ते धोक्याचं. सगळ्यांच्या पातेल्यात ते टाकायचं नाही. साधंच मीठ, पण कमी.

दुसरी सूचना जेवणाच्या वेळेची. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने भात एकदम कमी केला आणि वर मशीन अडकलं म्हणून सुट्टी तासभर लांबली, तर घाम फुटतो, हात थरथरतात. अशा माणसाने ताट बदलण्याआधी डोस डॉक्टरांना विचारायचा. सुपरवायझरने त्याची जेवणाची वेळ पुढे ढकलायची नाही, हेही ठरावात लिहून घेतलं.

मला मात्र सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते नाव. एचआरने शुगरवाल्यांची यादी मागितली होती. आम्ही दिली नाही. कंत्राटी पोरं आजार लपवतात, पुढच्या वेळी घेतलं नाही तर काय या भीतीने. म्हणून तिला 'हलकी थाळी' म्हणायचं, आदल्या दिवशी कूपन टाकायचं, कुणीही घ्यायची, कारण विचारायचं नाही. कूपनामुळे भाकऱ्या किती थापायच्या तेही कळतं. कंत्राटदाराची खरी अडचण तीच होती. भात एकदाच चढवला की झालं, भाकरीला मात्र हात लागतात.

पहिल्या दिवशी 11 कूपनं पडली, आता चाळिसाच्या आसपास असतात. त्यातले बरेच जण आजारी नाहीत, त्यांना भाकरी आवडते एवढंच. गेल्या महिन्यात मीठ 39 किलो आलं, म्हणजे ताटामागे 5 ग्रॅम. अजून जास्तच आहे. आणि रात्रपाळीला भाकरी थापणारी बाई नसते, तिथे अजून तोच भात आणि तीच आमटी. पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच आहे.